४०० मीटरच्या वेळेवरून १५०० मीटरचा अंदाज: स्वतःचा थकवा गुणांक काढून

मुंबईत १५०० मीटर सलग पोहून वेळ लावणं हे पोहण्यापेक्षा जागा मिळवण्याचं काम जास्त आहे. दादरला शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी तलाव ५० मीटरचा आहे, पण सकाळच्या बॅचमध्ये एका लेनमध्ये चार-पाच जण असले की पंचवीस-तीस मिनिटं कुणाच्याही पायाला हात न लावता पोहायला मिळत नाही. सोसायटीच्या तलावात तर लेनची दोरीही नसते. ४०० मीटरला मात्र सहा-सात मिनिटं पुरतात, आणि तेवढी मोकळी लेन बॅच सुटताना किंवा कोचला सांगून मिळते. ऑलिम्पिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये पोहणं १५०० मीटरच असतं. त्यामुळे ४०० वरून १५०० चा अंदाज बांधण्याची गरज अनेकांना पडते.

बहुतेक जण इंटरनेटवरच्या एखाद्या कॅल्क्युलेटरमध्ये ४०० ची वेळ टाकतात आणि येईल तो आकडा धरून चालतात. त्या कॅल्क्युलेटरच्या पोटात एक ठरावीक थकवा गुणांक, म्हणजे अंतर वाढेल तसा वेग किती घटतो हे सांगणारा आकडा, असतो आणि तो तुमचा नसतो. तो स्वतःचा कसा काढायचा, कसा वापरायचा आणि तो कधी फसवतो, हे इथे एका उदाहरणातून पाहू.

सूत्र आणि त्याचा अर्थ

या कॅल्क्युलेटरमागचं सूत्र अमेरिकन अभियंता पीट रीगल यांचं. त्यांनी ते १९७७ मध्ये धावण्यासाठी मांडलं आणि १९८१ मध्ये पोहण्यासह इतर खेळांनाही लावून पाहिलं.

```
T2 = T1 * (D2 / D1)^k
```

T1 ही माहीत असलेली वेळ, D1 ते अंतर, D2 हवं असलेलं अंतर आणि k हा थकवा गुणांक. k बरोबर १ असेल तर माणूस कितीही लांब पोहला तरी वेग तोच राहतो, म्हणजे थकवा शून्य. प्रत्यक्षात तो १ पेक्षा थोडा जास्त असतो, आणि तो ‘थोडा’ किती यावरच सगळं अवलंबून आहे.

गणित नको असेल तर एवढं लक्षात ठेवा: अंतर दुप्पट झालं की १०० मीटरला लागणारी तुमची वेळ, म्हणजे पेस, दर वेळी तेवढ्याच टक्क्यांनी वाढते. k १.०३ असेल तर प्रत्येक दुपटीला साधारण २ टक्के, १.०६ असेल तर सव्वाचार टक्के. ४०० चं ८०० ही एक दुप्पट, ८०० चं १६०० ही दुसरी. १५०० हे दोन दुपटींच्या किंचित अलीकडे येतं.

१.०६ हा आकडा डोळे मिटून का घेऊ नये

कॅल्क्युलेटरमध्ये सहसा १.०६ असतो आणि तो धावण्यातून आलेला आहे. अमेरिकन जलतरणपटू केटी लेडेकीला तो लावून पाहा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने ४०० मीटर ३:५७.३६ मध्ये पोहले. १.०६ ने तिची १५०० ची वेळ १६:०४ च्या आसपास यायला हवी होती. ती पोहली १५:३७.३४, म्हणजे तिचा गुणांक १.०३९ होता. तिच्या कारकिर्दीतल्या सर्वोत्तम वेळा घेतल्या (४०० साठी रिओ २०१६ मधली ३:५६.४६, १५०० साठी २०१८ मधली १५:२०.४८) तर तो आणखी उतरून १.०२८ होतो. टोकियोत १५०० च्या अंतिम शर्यतीच्या साधारण तासभर आधी ती २०० मीटरची अंतिम शर्यत पोहली होती, हेही या फरकामागे आहे. एकाच जलतरणपटूचा गुणांक दिवसानुसार एवढा हलतो, तर सगळ्यांना एकच आकडा कसा चालेल?

चांगल्या जलतरणपटूंचा गुणांक इतका कमी असण्याचं कारण पाण्यातच आहे. पाण्याचा अडथळा वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. उलट बाजूने पाहिलं तर थकव्यामुळे ताकद १० टक्के घटली तरी वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपासच कमी होतो. पण यासाठी शरीर पाण्यात सरळ राहायला हवं. हौशी माणसाचे पाय दमल्यावर खाली बुडतात, श्वास घेताना मान वर येते, हात डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडून पलीकडे जातो. मग ताकद घटते ती घटतेच, वर अडथळाही वाढतो. म्हणूनच नियमित पोहणाऱ्या हौशी मंडळींचा गुणांक सहसा १.०५ ते १.०८ मध्ये सापडतो. ४०० मीटरची वेळ अगदी सारखी असलेल्या दोघांच्या १५०० मध्ये त्यामुळे एक मिनिटाचा फरक पडू शकतो.

पहिली पायरी: खरं ४००

पूर्ण जोर लावलेलं आणि नीट वाटून पोहलेलं ४०० हवं. दर १०० ची वेळ कुणाला तरी काठावरून लिहायला सांगा, नुसती शेवटची वेळ पुरत नाही. आपलं उदाहरण ६:२४ चं घेऊ, म्हणजे ३८४ सेकंद. हे दोन प्रकारे होऊ शकतं:

१:३३, १:३७, १:३८, १:३६
१:२७, १:३५, १:४२, १:४०

बेरीज दोन्हींची ६:२४ च. पहिला माणूस आपल्या क्षमतेच्या जवळ पोहला आहे. दुसऱ्याने पहिल्या शंभरात उडवून दिलं आणि तिसऱ्या शंभरात त्याची किंमत मोजली, तो नीट पोहला असता तर काही सेकंद लवकर आला असता. पहिला शंभर बाकीच्या तिघांच्या सरासरीपेक्षा सहा-सात सेकंदांनी वेगवान असेल तर ते ४०० बाजूला ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पोहा. आपल्या उदाहरणात हा फरक चार सेकंदांचा आहे, त्यामुळे ते चालेल.

उडी मारून सुरुवात करायची की भिंतीला ढकलून, हे आधीच ठरवा आणि दोन्ही चाचण्यांना तेच ठेवा. उडीने सेकंद-दोन सेकंद वाचतात. ते ४०० मध्ये मिळाले आणि ८०० मध्ये मिळाले नाहीत तर पुढचं गणित वाकडं जातं.

दुसरी पायरी: ८०० पोहून गुणांक काढणं

एका ४०० वरून गुणांक निघत नाही, दुसरं अंतर लागतंच. त्यासाठी ८०० सगळ्यात सोयीचं. १५०० च्या निम्म्याच वेळात होतं आणि थकवा दिसायला पुरेसं लांबही आहे. ४०० नंतर दोन ते सात दिवसांत, त्याच तलावात, शक्यतो त्याच वेळेला पोहा. एकाच दिवशी दोन्ही पोहू नका, नाहीतर ४०० चा शीण ८०० मध्ये मोजला जाईल.

आपल्या जलतरणपटूला ८०० साठी १३:२० लागले, म्हणजे ८०० सेकंद. पहिले ४०० ६:३८ मध्ये, दुसरे ६:४२ मध्ये. वाटणी छान आहे. आता:

```
k = log(800 / 384) / log(800 / 400)
  = log(2.0833) / log(2)
  = 0.31876 / 0.30103
  = 1.059
```

मोबाईल आडवा धरला की बहुतेक फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये log चं बटण दिसतं. log घ्या किंवा ln, वर आणि खाली एकच वापरलं की उत्तर तेच येतं.

गणिताशिवाय पडताळायचं तर ४०० चा पेस १:३६ होता, ८०० चा १:४० झाला. एका दुपटीत चार सेकंद, म्हणजे ४.२ टक्के. पुढच्या दुपटीत तेवढेच टक्के आणखी वाढले तर १६०० चा पेस १:४४ च्या आसपास येतो, आणि १५०० चा त्याहून किंचित चांगला.

तिसरी पायरी: १५०० चा अंदाज

```
T = 384 * (1500 / 400)^1.059
  = 384 * 4.054
  = 1557 सेकंद = 25:57
```

सरासरी पेस १:४३.८. हाच माणूस १.०३ धरून बसला असता तर त्याला २४:५८ चं स्वप्न पडलं असतं. १.०८ धरला असता तर २६:४१. गुणांक ०.०१ ने हलला की १५०० ची वेळ साधारण १.३ टक्क्यांनी हलते, म्हणजे या वेगाला वीस सेकंदांनी. दोन हौशी चाचण्यांतून काढलेल्या गुणांकात ०.०१ ची चूक सहज असते. म्हणून अंदाज कागदावर २५:५७ असा एकच न लिहिता २५:३६ ते २६:१७ असा लिहावा.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये करत असाल तर वेळ सेकंदांत लिहा. सेलमध्ये नुसतं ६:२४ टाकलं की शीट त्याला सहा तास चोवीस मिनिटं समजते. गुणाकार बरोबर होतो, पण उत्तर चोवीस तासांच्या पुढे गेल्यामुळे साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये २५:५७ ऐवजी १:५७ दिसतं आणि माणूस सूत्रात चूक शोधत बसतो.

```
=LN(800/384)/LN(800/400)
=384*(1500/400)^1.059
```

अंदाज कुठे चुकतो

ढिलं पोहलेलं ४०० दोन वेगवेगळ्या दिशांनी फसवतं, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. समजा आपल्या माणसाने ४०० चार सेकंद हळू पोहलं, ६:२८. त्याने तयार १.०५९ लावला तर अंदाज २६:१३ येईल, म्हणजे खऱ्यापेक्षा हळू. पण त्याने ८०० च्या १३:२० बरोबर ते ४०० जोडून स्वतःचा गुणांक काढला, तर गुणांकच १.०४४ असा खोटा कमी येतो आणि अंदाज २५:४२ होतो, म्हणजे खऱ्यापेक्षा वेगवान. कारण असं की ढिल्या ४०० मुळे त्याचा वेग लांब अंतराला फारसा पडतच नाही असं गणिताला दिसतं. चाचणी खराब आणि अंदाज गोड, अशी ही जोडी आहे. शर्यतीत हजार मीटरनंतर ती महागात पडते. म्हणून गुणांक अनपेक्षितपणे चांगला आला की आनंद होण्याआधी ४०० मधल्या दर शंभराच्या वेळा पुन्हा पाहा.

८०० मधली चूक सरळ एकाच दिशेने जाते, पण ती वाढत जाते. स्टॉपवॉच दोन सेकंद उशिरा थांबलं, ८०० ऐवजी ८०२ सेकंद नोंदले, तर १५०० चा अंदाज सात-आठ सेकंदांनी वर सरकतो. मनगटावरच्या घड्याळाचं बटण भिंतीला हात लावल्यावर, गॉगल वर करून, श्वास घेऊन दाबायची सवय असेल तर हे दर वेळी होतं. काठावर दुसरा माणूस असलेला बरा.

लॅप मोजण्यातली चूक गुणांकावरून लगेच ओळखू येते. ५० मीटरच्या तलावात ८०० म्हणजे १६ लांब्या. एक कमी पोहलात तर वेळ ७५० सेकंदांच्या आसपास येईल आणि गुणांक १ च्या खाली जाईल. म्हणजे दुप्पट अंतर जास्त वेगाने पोहलात असं होईल, जे शक्य नाही. एक जास्त पोहलात तर तो १.१४ च्या वर उडेल. गुणांक १.०२ पेक्षा कमी किंवा १.१२ पेक्षा जास्त आला की आधी लांब्या मोजा, मग ४०० च्या वाटणीकडे वळा.

सगळं तपासूनही गुणांक १.०९-१.१० येत असेल तर ८०० मध्ये स्ट्रोक मोजून घ्या. पहिल्या शंभरात एका लांबीला दोन्ही हात मिळून ४४ स्ट्रोक आणि शेवटच्या शंभरात ५० लागत असतील, तर दम संपण्याआधी हाताची पकड संपते आहे: कोपर खाली पडतं, पाणी मागे ढकललं जाण्याऐवजी खाली दाबलं जातं. स्ट्रोक ४४-४५ वरच टिकून वेळ मात्र वाढत असेल, तर हात फिरण्याची गती कमी झाली आहे आणि तो सहनशक्तीचा प्रश्न आहे. पहिल्यावर कोचच्या नजरेखाली स्ट्रोक सुधारून गुणांक उतरतो, दुसऱ्यावर लांब पल्ल्याचा सराव वाढवून.

पाण्याचं तापमानही यात येतं. स्पर्धेच्या तलावासाठी २५ ते २८ अंशांचा नियम आहे. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत उघड्या तलावाचं पाणी याच्या वर जातं. सहा मिनिटांच्या पोहण्याला ते फारसं बोचत नाही, पण पंचवीस मिनिटांत शरीराची उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. मे महिन्याच्या दुपारी काढलेला गुणांक जानेवारीच्या सकाळी वापरला तर तो तुम्हाला उगाच हळू दाखवेल. उलट केलं तर त्याहून वाईट.

२२ मीटरचा तलाव आणि समुद्र

गोरेगाव, पवई किंवा ठाण्याच्या सोसायट्यांत तलाव १८, २०, २२ असे कुठल्याही लांबीचे असतात. त्यात जबरदस्तीने ४०० बसवू नका. सूत्राला अंतर कुठलंही चालतं. २२ मीटरच्या तलावात १८ लांब्या म्हणजे ३९६ मीटर आणि ३६ लांब्या म्हणजे ७९२. हीच अंतरं D1 आणि D2 म्हणून घाला. तलावाची लांबी मात्र ब्रोशरमधून घेऊ नका, मापपट्टीने मोजा, कारण अर्ध्या मीटरची चूक १८ लांब्यांत ९ मीटर होते.

अडचण टर्नची येते. २५ मीटरच्या तलावात १५०० ला ५९ टर्न, ५० मीटरच्यात २९. प्रत्येक टर्नला भिंतीवरून ढकलून फुकटचे काही मीटर मिळतात, त्यामुळे लहान तलावातली वेळ वेगवान असते. ती किती वेगवान, हे ज्याच्या-त्याच्या टर्नवर अवलंबून आहे. फ्लिप टर्न पक्का असलेल्याला जास्त फायदा, हात टेकवून वळणाऱ्याला अगदी कमी. म्हणून गुणांक लहान तलावात काढायला हरकत नाही, पण ज्या ४०० ला तो लावायचा ते ज्या लांबीच्या तलावात शर्यत आहे त्याच लांबीच्या तलावातलं हवं.

समुद्राला हा अंदाज लावू नका. आपला माणूस सेकंदाला ९६ सेंटिमीटर जातो. भरती-ओहोटीचा प्रवाह सेकंदाला फक्त २० सेंटिमीटर समोरून आला तर १५०० मीटरला पावणेतेहतीस मिनिटं लागतील, पाठीमागून आला तर साडेएकवीस. गुणांकाचा दुसरा दशांश काढत बसण्याला तिथे अर्थ उरत नाही.

अंदाजावरून शर्यत कशी पोहायची

२५:५७ चे तीन भाग करा: पहिले ५०० मीटर ८:३६, दुसरे ८:४१, तिसरे ८:४०. या हिशोबाने पहिल्या ४०० ला ६:५३ च्या आसपास दिसायला हवेत, म्हणजे स्वतःच्या सर्वोत्तम ४०० पेक्षा जवळपास अर्धा मिनिट हळू. पोहताना हा वेग फारच सोपा वाटतो आणि हात आपोआप जोरात फिरू लागतात. काठावरच्या माणसाला ३०० वर वेळ ओरडून सांगायला सांगा. ५:०५ च्या आत आलात तर तिथेच आवरा, कारण ते चार-पाच सेकंद हजारानंतर व्याजासकट परत जातात.

प्रत्यक्ष १५०० पोहून झालं की ८०० वरून काढलेला गुणांक निवृत्त करा. समजा वेळ २६:१० आली, १५७० सेकंद. अंदाजाच्या पट्ट्यात आहे, पण मध्याच्या थोडी मागे. ८०० वरून १५०० पर्यंतचा थकवा गणिताने गृहीत धरलेल्यापेक्षा थोडा जास्त निघाला, आणि पहिल्यांदाच १५०० पोहणाऱ्याचं बहुतेक वेळा असंच होतं. आता १५७० ला ३८४ ने भागा: ४.०८९. यापुढे log नको, घात नको. ४०० ची नवी वेळ गुणिले ४.०८९ एवढंच. ४०० उतरून ६:१६ झालं तर १५०० चा नवा अंदाज २५:३७.

हे गुणोत्तर दोन-तीन महिने धरायला हरकत नाही. त्या काळात सरावाचा बाज बदलला असेल, म्हणजे फक्त ५० आणि १०० चे वेगवान सेट झाले असतील किंवा उलट आठवड्याला दोनदा दोन-दोन किलोमीटर सलग झाले असतील, तर नवं ४०० आणि नवं ८०० पोहून गुणांक पुन्हा काढा. वेगवान सेटनंतर ४०० आधी सुधारतं आणि १५०० मागे राहतं, त्यामुळे जुन्या गुणोत्तराने काढलेला अंदाज नेमका तेव्हाच जास्त आशावादी येतो.